ऐच्छिक केल्यावर आई-वडिलांच्या विम्याचा हप्ता दरवर्षी का चढतो

प्रश्न : चाकणला आमच्या कंपनीत ५०० जण आहेत. आई-वडिलांचा ग्रुप मेडिक्लेम आधी कंपनी सगळ्यांसाठी भरायची. तीन वर्षांपूर्वी तो ऐच्छिक केला, हप्ता आमच्या पगारातून. तेव्हा एका जोडीला २५ हजार पडायचे, आता ६२ हजार मागतायत. विमा कंपनी लुटते आहे का? आणि हे थांबवता येतं का?

उत्तर :

लूट नाही. ज्या दिवशी तो ऐच्छिक झाला त्याच दिवशी ही चढण सुरू झाली होती, फक्त दिसायला वर्ष लागलं. मी बावीस वर्षं ग्रुप मेडिक्लेममध्ये आहे, आधी विमा कंपनीत हप्ते ठरवणारा अंडररायटर म्हणून आणि नंतर ब्रोकर म्हणून. आमच्यात याला अ‍ॅडव्हर्स सिलेक्शन म्हणतात, मराठी पुस्तकांत प्रतिकूल निवड. निवड विमा कंपनी करत नाही, घेणारा करतो, आणि ती कंपनीच्या विरुद्ध जाते, म्हणून प्रतिकूल.

ती निवड होताना कशी दिसते ते आधी सांगतो. अशाच एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी नावनोंदणीच्या टेबलावर बसलो होतो. एक तरुण ऑपरेटर आला, फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, आमचे वडील रोज शेतावर जातात, अजून दवाखान्याची पायरी चढले नाहीत. २५ हजार कशाला घालवू?" त्याने फॉर्म परत ठेवला. त्याच्या मागे एक वयाने मोठे गृहस्थ उभे होते, हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे. त्यांनी हप्ता किती हे विचारलंच नाही. त्यांचे प्रश्न वेगळे होते : गुडघा बदलायचं ऑपरेशन पहिल्या दिवसापासून बसतं का, दोन्ही गुडघे एका वर्षात केले तर चालतं का, आणि वाकडचं अमुक हॉस्पिटल यादीत आहे का. त्यांनी जागेवर सही केली. दोघांपैकी कोणीही खोटं बोललं नव्हतं, काही लपवलं नव्हतं. ऑपरेटरने पैसे वाचवले, त्या गृहस्थांनी आईची सोय केली. माझ्या टेबलावर मात्र फॉर्म एकच उरला, आणि तो गुडघ्यांचा.

आता तुमच्या ५०० जणांवर हिशोब करून बघू. गट आणि त्यांचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, तुमच्या कंपनीचे खरे आकडे नाहीत. पण रीत तीच आहे.

५०० जोड्यांचे १००-१०० चे पाच गट करा. 'अ' गटातले आई-वडील ठणठणीत, त्यांचा वर्षाला सरासरी क्लेम जोडीमागे ५,००० रुपये. म्हणजे बहुतेकांचा शून्य, पण एखाद्याला डेंगी होतो आणि सगळ्यांची मिळून सरासरी तेवढी येते. 'ब' गटाची सरासरी १०,०००, 'क'ची २०,०००, 'ड'ची २८,०००. 'इ' गटात हृदयाचे, किडनीचे, गुडघ्यांचे रुग्ण आहेत, त्यांची सरासरी ६२,०००. पाचही सरासऱ्यांची बेरीज १,२५,०००, भागिले पाच, म्हणजे सगळ्यांना एकत्र धरलं तर जोडीमागे २५,०००. विमा कंपनीला कोण कुठल्या गटातलं ते कळत नाही. पॉलिसीत नावं आणि वयं असतात, रिपोर्टची फाइल नसते. घरच्या माणसाला मात्र अंदाज असतो.

आणखी एक गोष्ट धरावी लागते. माणूस विम्याला आपल्या सरासरी खर्चापेक्षा जास्त द्यायला तयार असतो, कारण मोठ्या बिलाची धास्ती असते. समजा दीडपट देतो. मग 'अ' गट जास्तीत जास्त ७,५०० देईल, 'ब' १५,०००, 'क' ३०,०००, 'ड' ४२,००० आणि 'इ' ९३,०००. नीट बघितलंत तर प्रत्येक गट स्वतःच्या खर्चापेक्षा जास्त द्यायला तयार आहे. प्रत्येकाला त्याच्या खर्चाएवढ्या किमतीत विमा मिळाला तर पाचही गट तो आनंदाने घेतील. सगळ्यांना एकच किंमत लावावी लागते, तिथे घोटाळा होतो.

ऐच्छिक झाल्यावर पहिल्या वर्षी विमा कंपनीने जुन्या अनुभवावरून २५,००० हप्ता सांगितला. 'अ' आणि 'ब' गटाला तो परवडत नाही, ते बाहेर पडले. राहिले तीन गट, ३०० जोड्या. पुढचं तक्त्यात बघा. गोष्ट साधी राहावी म्हणून विमा कंपनीचा खर्च आणि नफा शून्य धरलाय, आणि दरवर्षीचा हप्ता म्हणजे आदल्या वर्षी आत असलेल्यांचा सरासरी क्लेम.

| ऐच्छिक झाल्यावर | आत कोण | जोड्या | हप्ता (रु.) | जमा (लाख) | क्लेम (लाख) | जोडीमागे क्लेम (रु.) |
|---|---|---|---|---|---|---|
| पहिलं वर्ष | क, ड, इ | ३०० | २५,००० | ७५ | ११० | ३६,७०० |
| दुसरं वर्ष | ड, इ | २०० | ३६,७०० | ७३.४ | ९० | ४५,००० |
| तिसरं वर्ष | इ | १०० | ४५,००० | ४५ | ६२ | ६२,००० |
| चौथं वर्ष | इ | १०० | ६२,००० | ६२ | ६२ | ६२,००० |

पहिल्या वर्षी विमा कंपनीने १०० रुपये घेतले आणि १४७ दिले. म्हणून दुसऱ्या वर्षी तिने हप्ता ३६,७०० केला. या हप्त्यावर तिचा क्लेमचा खर्च भरून निघाला असता, पण ज्यांच्या आकड्यांवरून तो काढला ते सगळे तिथे राहिले तर. 'क' गट ३०,००० च्या वर द्यायला तयार नाही, तो गेला. मग जमा १०० ला क्लेम १२३. पुढच्या वर्षी ४५,०००, तर 'ड' गट गेला आणि क्लेम १३८ वर पोहोचला. प्रत्येक वेळी हप्ता गेल्या वर्षीच्या माणसांचा असतो आणि आत येणारी माणसं या वर्षीची. कंपनी कायम एक पायरी मागे राहते. तीन वर्षं तोटा सोसल्यावर ती तुमच्याकडे ६२,००० मागते, आणि कामगाराला वाटतं लुटतायत.

या तक्त्यातली जी गोष्ट युनियनच्या बैठकीत मी नेहमी बोट ठेवून दाखवतो ती अशी. एकाही आई-वडिलांची तब्येत बिघडलेली नाही. 'इ' गटाचा खर्च पहिल्या वर्षीही ६२,००० होता आणि चौथ्या वर्षीही तेवढाच आहे. क्लेमची एकूण रक्कम तर १२५ लाखांवरून ६२ लाखांवर, म्हणजे निम्म्यावर आली. तरीही जोडीमागचा आकडा अडीचपट झाला, कारण भागाकारात खालची निरोगी माणसं निघून गेली. दूध तेवढंच आहे आणि पाणी वाढलं असं इथे झालेलं नाही. चांगलं दूध लोकांनी घरी ठेवलं आणि डेअरीत जे येतंय त्याचं फॅट दरवर्षी खाली जातंय.

आणि नुकसान कुणाचं, तर 'क' गटाचं बघा. त्यांचा खर्च २०,०००, द्यायची तयारी ३०,०००, म्हणजे मधे १०,००० चं अंतर आहे. सौदा दोघांच्या फायद्याचा होता. तो तुटला, आणि आता त्यांच्यापैकी कुणाच्या वडिलांना अँजिओप्लास्टी लागली की दोन-तीन लाख सोसायटीतून कर्ज काढून भरतात. मला या गटाचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. आजारी माणसासाठी सगळे धावतात, ठणठणीत माणसाला गरज नसते, आणि हे मधले लोक बिनविम्याचे राहतात.

खरं तर गाडं याहून वेगाने घसरतं. विमा कंपनीचा स्वतःचा खर्च असतो, म्हणून १०० रुपयांतले ८० च क्लेमसाठी धरले तर पहिल्या वर्षीचाच हप्ता ३१,२५० होतो आणि 'क' गट सुरुवातीलाच जातो. उलट बाजूही आहे. लोक आळसाने राहतात, मागच्या वर्षी घेतला म्हणून याही वर्षी घेतात, आणि आपल्या वडिलांची शुगर किती हे पुष्कळ मुलांना ठाऊकच नसतं. त्यामुळे एक-दोन वर्षं सगळं शांत दिसतं. मग एखाद्या रिन्यूअलला ४० टक्के वाढ येते, सगळे खडबडून जागे होतात आणि एकदम मोठा गट बाहेर पडतो.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली ही गोष्ट जुन्या मोटारींवर मांडली. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत, घेणाऱ्याला नाही, म्हणून घेणारा सरासरी किंमत देतो, मग चांगल्या गाड्यांचे मालक विकतच नाहीत आणि बाजारातली सरासरी खाली येते. त्यांना २००१ मध्ये नोबेल मिळालं. मोटारींमुळे तो निबंध गाजला, पण त्याच निबंधात त्यांनी साठी-पासष्टीच्या पुढच्या लोकांना आरोग्यविमा विकत मिळणं इतकं कठीण का असतं हाही प्रश्न घेतला होता. तुमचा प्रश्न तोच आहे.

हे पुस्तकातच राहिलेलं नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९९५ मध्ये नियम बदलला : कर्मचारी कुठलीही आरोग्य योजना घेवो, विद्यापीठ ठरावीक एकच रक्कम देणार, वरचा फरक कर्मचाऱ्याने भरायचा. सगळ्यात उदार आणि महागड्या योजनेतून तुलनेने तरुण, निरोगी लोक निघून गेले, मागे राहिलेल्यांचा खर्च चढला, हप्ता आणखी वाढला आणि १९९७ पर्यंत ती योजनाच बंद करावी लागली. डेव्हिड कटलर आणि सारा रेबर यांनी त्याचा अभ्यास केलेला आहे.

आता तुमच्याकडे खरंच हेच झालंय की हॉस्पिटलची बिलं महागली म्हणून हप्ता वाढलाय, हे कसं ओळखायचं? दोन्ही असू शकतात आणि औषध वेगळं आहे. तुमच्या एचआरला सांगून टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, गेल्या तीन-चार वर्षांचा क्लेम डंप, म्हणजे सगळ्या क्लेमची यादी, मागवा. नावं आणि आजार काढून, फक्त सांकेतिक नंबर, वर्ष आणि रक्कम. त्यातून दोन गोष्टी बघायच्या. पहिली, जे लोक बाहेर पडले त्यांचा बाहेर पडण्याआधीच्या वर्षाचा सरासरी क्लेम किती होता आणि जे राहिले त्यांचा त्याच वर्षाचा किती. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षानंतर गेलेल्या 'क' गटाचा २०,००० आणि राहिलेल्यांचा ४५,०००. इतकं अंतर दिसलं की निवड झाली हे पक्कं. दुसरी, जे सगळी वर्षं सलग आत आहेत त्यांचाच जोडीमागचा खर्च वर्षागणिक कसा गेला. तो ६२,००० वरून ७५,००० झाला असेल तर तेवढा भाग वयाचा आणि महागाईचा, त्याला ऐच्छिकपणा जबाबदार नाही.

इथे एक सावधगिरी. १०० जोड्यांत एखादं बायपास आणि एखादं लांबलेलं आयसीयू आलं की सरासरी कुठल्या कुठे जाते. म्हणून एका वर्षावर निकाल देऊ नका, आणि प्रत्येक क्लेम, समजा दोन लाखांच्या पुढे मोजूच नका, मग बघा. सुरुवातीच्या काळात मी एका फॅक्टरीच्या एकाच वर्षाच्या आकड्यांवरून 'सिलेक्शन सुरू झालंय' म्हणून हप्ता दीडपट सुचवला होता. पुढच्या वर्षी कळलं की तीन मोठी बिलं सोडली तर काहीच बदललं नव्हतं. पण दीडपट हप्त्यामुळे निरोगी लोक गेले आणि जे झालं नव्हतं ते माझ्या आकड्याने घडवलं. तेव्हापासून मोठे क्लेम बाजूला काढल्याशिवाय मी आकडा बोलत नाही.

थांबवता येतं का? येतं, पण सगळे उपाय सारखे नाहीत. तुमच्यासमोर ब्रोकर बहुतेक आधी २० टक्के को-पे ठेवेल, म्हणजे प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा तुम्ही भरायचा. त्याने हप्ता नक्की उतरतो. पण हिशोब बघा : पाचही गटांचा विम्याकडून येणारा खर्च आणि द्यायची तयारी, दोन्ही २० टक्क्यांनी कमी होतात. अंतरं त्याच प्रमाणात राहतात, म्हणून तेच गट त्याच क्रमाने बाहेर पडतात. घसरण थोड्या खालच्या आकड्यांवर होते, इतकंच.

आजारानुसार मर्यादा घातली, जसं मोतीबिंदूला इतके, एका गुडघ्याला इतके, खोलीभाडं इतकं, तर गोष्ट बदलते, कारण ती वरच्या टोकाला दाबते. समजा अशा मर्यादांमुळे 'इ' गटाचा विम्यातला खर्च ६२,००० ऐवजी ४०,००० झाला आणि बाकीचे तसेच राहिले. आता क, ड, इ यांची सरासरी २०, २८ आणि ४० हजार मिळून २९,३०० येते. 'क' गट ३०,००० पर्यंत द्यायला तयार आहे, म्हणजे तो थांबतो. पाय रोवून गाडी तीन गटांवर उभी राहते. पण वरचे २२,००० कुठे गेले? ते 'इ' गटाच्या खिशातून गेले, ज्यांना विम्याची गरज सगळ्यात जास्त होती. हा सौदा करायचा की नाही हे तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवायचं, ब्रोकरने नाही.

कंपनीने वाटा उचलणं हा मला सगळ्यात स्वच्छ उपाय वाटतो, आणि तो पूर्ण उचलावा लागत नाही. 'क' गट टिकवायचा तर हप्ता ३६,७००, कामगार ३०,००० देतो, कंपनी ६,७००. ३०० जोड्यांचे सुमारे २० लाख. 'ब' गटही हवा असेल तर चार गटांची सरासरी ३०,००० होते, कामगार १५,००० आणि कंपनी १५,०००, ४०० जोड्यांचे ६० लाख. पाचही गट हवे असतील तर हप्ता २५,०००, कामगाराकडून ७,५००, कंपनीचे १७,५००, एकूण ८७.५ लाख. मालकाशी बोलताना ही तीन दारं समोर ठेवा. 'आधीसारखं सगळं भरा' म्हटलं की सव्वा कोटीचा आकडा ऐकून बैठक संपते. २० लाखांवर बोलणं होऊ शकतं. वाटा मात्र टक्क्यांत लिहून घ्या. ठरावीक रक्कम लिहिली की दोन-तीन महागाईच्या रिन्यूअलमध्ये ती किरकोळ होते आणि तुम्ही पुन्हा होता तिथे येता.

वयानुसार हप्ता, म्हणजे ६० च्या आतले, ६० ते ७० आणि त्यापुढचे असे टप्पे, हाही चांगला आहे, कारण जे दिसतं त्याची तरी किंमत वेगळी होते आणि तरुण आई-वडिलांची मुलं थांबतात. त्याची मर्यादा एवढीच की ६५ वर्षांचे शेतावर जाणारे वडील आणि ६५ वर्षांचे डायलिसिसवरचे वडील एकाच टप्प्यात पडतात. टप्प्याच्या आत तीच घसरण बारीक प्रमाणात चालू राहते.

शेवटचा मुद्दा येण्या-जाण्याचा, आणि तुमच्या पॉलिसीत तो बहुधा मोकळा सुटलाय. वैयक्तिक मेडिक्लेममध्ये जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ असतो, विमा नियामक आयआरडीएआयने २०२४ मध्ये तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया यांनाही सहसा वेगळी वाट बघावी लागते. ग्रुप पॉलिसीत ही सगळी वाट बहुतेकदा पहिल्या दिवसापासून माफ असते. कामगारासाठी ते मोठं सुख आहे. पण त्यामुळे एप्रिलमध्ये नाव घालायचं, जूनमध्ये आईचे गुडघे करायचे आणि पुढच्या मार्चला नाव काढायचं हे शक्य होतं. त्या कॅन्टीनमधल्या गृहस्थांनी बरोबर तेच केलं. त्यांना मी दोष देत नाही, नियमानेच मुभा दिली होती. दुसऱ्या वर्षी आम्ही नियम घातला : एकदा आत आलं की तीन वर्षं राहायचं, आणि बाहेर पडलं किंवा आत्ता घेतलं नाही तर नंतर घेताना दोन वर्षं जुने आजार बसणार नाहीत. नव्या कामगाराला रुजू झाल्यापासून ३० दिवसांत ठरवायचं, त्यानंतर दार बंद.

त्या नियमानंतर पहिल्या नावनोंदणीला तोच ऑपरेटर पुन्हा टेबलाशी आला. पुढे कधी घेता येईल का, असं त्याने विचारलं. आत्ता नाही घेतलं तर नंतर जुने आजार दोन वर्षं धरले जाणार नाहीत, असं सांगितल्यावर तो बाजूला गेला, वडिलांना फोन लावला, आणि दहा मिनिटांनी येऊन फॉर्म भरला. त्या वर्षी त्या कंपनीत कंपनीचा वाटा ४० टक्के होता. नुसत्या नियमाने तो आला नसता, आणि नुसत्या ४० टक्क्यांनीही आला नसता असं मला वाटतं.

तुमचं रिन्यूअल कधी आहे ते बघा. निदान तीन महिने आधी क्लेम डंप मागा, कारण शेवटच्या पंधरवड्यात विमा कंपनी एकच आकडा देते आणि तो घ्या किंवा सोडा असा असतो. ६२,००० वर तुमच्याकडे आज किती जोड्या आहेत आणि गेल्या वर्षी किती होत्या, हे दोन आकडे कळवलेत तर कुठल्या दारातून आत जाणं शक्य आहे ते मी आणखी नेमकं सांगू शकेन.